अँटिबायोटिक थांबवायचे कधी?

रक्ततपासणीचे कागद घेऊन दवाखान्यात येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो, पीसीटी. २०२० आणि २०२१ मधल्या करोनाच्या साथीत सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर ही नावे गावोगावी पोचली. त्यांच्या पाठोपाठ हेही आले. तेलगाव म्हणजे बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चारी बाजूंचे रस्ते जिथे मिळतात ते ठिकाण. त्यामुळे चारी बाजूंच्या प्रयोगशाळांचे कागद माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यावरच्या आकड्यांना लोक भितात, किंवा त्यांच्यावर नको इतका विश्वास ठेवतात. या चाचणीने जंतुसंसर्गाबद्दल काय कळते, काय कळत नाही आणि चालू असलेले अँटिबायोटिक थांबवताना तिचा नेमका काय उपयोग होतो, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. साध्या हिमोग्रामच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या कागदावर सगळ्यात खाली बिंबिकांच्या म्हणजे प्लेटलेट्सच्या आकड्यांजवळ 'पीसीटी' अशीच अक्षरे छापलेली असतात आणि पुढे ०.२२ वगैरे टक्के लिहिलेले असतात. तो प्लेटलेटक्रिट. रक्ताच्या एकूण आकारमानात प्लेटलेट्सचा वाटा किती, एवढेच तो सांगतो. जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध नाही. आपला विषय आहे प्रोकॅल्सिटोनिन. त्याचा कागद वेगळा असतो, त्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे एकक असते आणि त्या तपासणीला साधारण दीड ते तीन हजार रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे मोजलेले आठवत नसतील, तर तुमच्या हातातला कागद बहुधा त्या पीसीटीचा नाही.

प्रोकॅल्सिटोनिन हा काही जंतू नव्हे किंवा जंतूचा अंशही नव्हे. तो आपल्याच शरीरात तयार होणारा एक कच्चा माल आहे. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीतल्या काही खास पेशी एरवी हा माल तयार करतात आणि लगेच त्याचे तुकडे करून कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवतात. आमच्या भागातला दाखला द्यायचा तर साखर कारखान्याचा देता येईल. कारखान्यात उसाचा रस निघतो, पण तो आतल्या आत पुढे जाऊन साखर होते. बाहेर रस्त्यावर रस वाहताना दिसत नाही. तसेच निरोगी माणसाच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन जवळजवळ सापडतच नाही. ०.०५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असते.

जीवाणूंचा मोठा संसर्ग झाला की चित्र पालटते. जीवाणूंच्या आवरणातली द्रव्ये आणि त्यांच्या चाहुलीने आपल्या पेशींनी सोडलेले रासायनिक संदेश यांमुळे यकृत, फुप्फुस, चरबी असे शरीरातले निरनिराळे अवयव हाच कच्चा माल बनवू लागतात. म्हणजे एकाच वेळी गावोगावची गुऱ्हाळे सुरू झाली, पण रस आटवायला एकाकडेही कढई नाही. रसावर पुढची प्रक्रिया करण्याची सोय या पेशींत नसल्यामुळे सगळा माल तसाच रक्तात उतरतो आणि आकडा शेकडो पटींनी चढतो. विषाणूंच्या आजारात शरीर इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य सोडते आणि ते ही गुऱ्हाळे दाबून ठेवते. म्हणून साध्या विषाणूजन्य तापात आकडा सहसा फारसा वाढत नाही. पॅरिसमधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये लहान मुलांच्या रक्तात हा फरक दाखवून दिला आणि तिथून या चाचणीची वाटचाल सुरू झाली.

आता वेळेचा हिशोब लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. संसर्गानंतर तीन ते सहा तासांत प्रोकॅल्सिटोनिन वाढू लागते आणि पहिल्या दिवसभरात शिखर गाठते. कारखाने बंद पडले की साधारण दर २४ तासांनी ते निम्मे होते. आज १६ असेल तर उद्या ८, परवा ४. सीआरपी हा त्याचा थोरला भाऊ. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. तो यकृतात तयार होतो, सावकाश चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातो आणि आजार ओसरू लागला तरी काही काळ वरच रेंगाळतो. शिवाय तो कशानेही वाढतो. संधिवात, मुका मार, शस्त्रक्रिया, विषाणूचा जोरदार ताप, सगळ्यांनी वाढतो. पण तो स्वस्त आहे, कुठेही होतो, आणि अडीअडचणीला तोच हाताशी असतो. त्याचा कागद वाचताना मात्र एकक बघावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. पहिल्या कागदावरचे ४८ आणि दुसऱ्या कागदावरचे ४.८ हे एकच. काल ४८ होता, आज ४.८ झाला म्हणून पेढे वाटायला निघालेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

या आकड्याचा खरा उपयोग एकदा मोजून होत नाही, त्याची चाल बघून होतो. हे एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो. ऊसतोडीला गेलेली साधारण बेचाळीस वर्षांची एक बाई. फेब्रुवारीत, हंगाम अजून चालू असताना, नवरा तिला फडावरून गावी घेऊन आला. चार दिवसांपासून थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणे, उलट्या. फडावरच्या बायकांना लघवीच्या संसर्गाचा त्रास का होतो हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पहाटेपासून कोयता हातात, आडोसा नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात आणि लघवी तासन् तास धरून ठेवतात. माझ्याकडे आली तेव्हा वरचा रक्तदाब ८४ होता, नाडी १२४, आणि जीभ कोरडी ठाक. हा जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचा, म्हणजे सेप्सिसचा प्रकार आहे हे ओळखायला कोणत्याही चाचणीची गरज नव्हती. लघवीचा आणि रक्ताचा नमुना कल्चरसाठी काढला, सलाइन जोरात सुरू केले, सेफ्ट्रियॅक्झोनचे इंजेक्शन दिले आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. हा क्रम महत्त्वाचा. नमुना आधी, औषध लगेच नंतर, आणि प्रोकॅल्सिटोनिनच्या कागदाची वाट बघत कुणी थांबायचे नाही. सेप्सिसबाबतच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नका, थांबवायचे कधी हे ठरवताना मात्र रुग्णाच्या प्रकृतीबरोबर तिचाही विचार करा.

तिथे पहिल्या दिवशी तिचे प्रोकॅल्सिटोनिन ३८ निघाले. मेरोपेनेम सुरू झाले, दिवसातून तीन वेळा. दुसऱ्या दिवशी आकडा ४४. नवऱ्याचा मला फोन आला, "डॉक्टरसाहेब, औषध चालू असून वाढलाय की हो आकडा!" त्यात घाबरण्यासारखे नव्हते. उपचार सुरू होण्याआधी निघालेला माल अजून रक्तात उतरत असतो, त्यामुळे पहिल्या २४ तासांत आकडा थोडा चढू शकतो. पण तिसऱ्या दिवशी तो ४१ आला, आणि इथे मात्र तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर थबकले. औषध लागू पडले असते तर आकडा एव्हाना निम्म्याकडे यायला हवा होता. ताप अजून १०२ होता, रक्तदाबाला आधार देणारे औषध सुटत नव्हते.

असा आकडा अडला की तीन शक्यता तपासायच्या. जंतूला औषध लागू नाही, औषध लागू आहे पण जिथे जंतू दडलेत तिथे पोचत नाही, किंवा आपण समजतो तो आजारच नाही. पहिली शक्यता त्याच दुपारी निकालात निघाली. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला होता. मी दिलेल्या सेफ्ट्रियॅक्झोनला तो दाद देत नव्हता, पण मेरोपेनेमला देत होता. म्हणजे औषध बरोबर होते. आता दुसरी शक्यता. सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत खडा अडकलेला दिसला, वरचे मूत्रपिंड लघवीने फुगले होते. तुंबलेल्या, पू झालेल्या लघवीत औषध धड पोचत नाही. बांध फोडल्याशिवाय तुंबलेले पाणी जायचे नाही, तसे हे. त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून नलिकेत बारीक नळी बसवली, जिला डीजे स्टेंट म्हणतात, आणि गढूळ लघवीची वाट मोकळी झाली. कुणी म्हणेल, सोनोग्राफी पहिल्याच दिवशी का केली नाही? रास्त प्रश्न आहे. कुशीत दुखणारा सेप्सिसचा रुग्ण आला की ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी, तीही कोणत्याही रक्ताच्या आकड्याची वाट न पाहता. हे मात्र खरे की हलायला तयार नसलेल्या आकड्यामुळे सगळे पुन्हा त्या कुशीकडे वळले.

पुढची चाल बघा. आता खर्च वाचवण्यासाठी चाचणी एक दिवसाआड केली. पाचव्या दिवशी १२, सातव्या दिवशी ३.६. दर दिवशी निम्मे या हिशोबाने ४१ चे पाचव्या दिवशी साधारण १० आणि सातव्या दिवशी अडीच व्हायला हवे होते. थोडे मागे पडले, कारण तिचे मूत्रपिंड अजून पूर्ण सावरले नव्हते आणि मूत्रपिंड मंदावले की हा आकडा सावकाश उतरतो. थांबवण्यासाठी वापरला जाणारा नियम असा आहे, की आकडा शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ च्या खाली आला तर अँटिबायोटिक बंद करण्याचा विचार करावा. तिचे शिखर ४४. त्याचे २० टक्के म्हणजे ८.८. सातव्या दिवशीचा ३.६ त्याच्या बराच खाली, म्हणजे जवळजवळ ९२ टक्क्यांची घसरण. त्याच दिवशी तिचा सीआरपी मात्र अजून शंभराच्या वर होता. केवळ तो कागद पाहिला असता तर औषध नक्की लांबले असते.

पण केवळ ३.६ या आकड्यावर औषध थांबवलेले नाही. दोन दिवस ताप नव्हता. रक्तदाब औषधाशिवाय टिकत होता. ती जेवत होती, चालत होती. मूळ जागा मोकळी झाली होती आणि जंतू औषधाला दाद देत होता. या पाच गोष्टी आणि सहावा तो आकडा, असे सगळे जुळले तेव्हा आठव्या दिवसाचे डोस देऊन मेरोपेनेम बंद केले. रूढ पद्धतीने ते १४ दिवस चालले असते. १४ दिवसांच्या ४२ कुप्या झाल्या असत्या, त्याऐवजी २४ लागल्या. अठरा कुप्या आणि सहा दिवसांची खाट वाचली. चाचण्यांना पैसे गेले, पण ते त्यातून भरून निघाले. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या कुटुंबाला सहा दिवस म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मेरोपेनेम हे आपल्या भात्यातल्या शेवटच्या काही बाणांपैकी एक. ते जितके जास्त दिवस चालते तितकी आतड्यातल्या इतर जंतूंना त्याच्याशी झुंजायची सवय लागते. पुढच्या हंगामात तिला पुन्हा असा संसर्ग झाला तर तेच जंतू समोर उभे राहतात.

आता माझ्या मनातली एक शंका. या उदाहरणात श्रेय प्रोकॅल्सिटोनिनचे किती? ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागांतल्या २,७६० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात रोज प्रोकॅल्सिटोनिन मोजून त्यावरून डॉक्टरांना सल्ला दिला, दुसऱ्यात सीआरपी मोजून, तिसऱ्यात नेहमीप्रमाणे. प्रोकॅल्सिटोनिनच्या गटात अँटिबायोटिकचे सरासरी दिवस १०.७ वरून ९.८ वर आले आणि मृत्यूंच्या प्रमाणात धोक्याची वाढ दिसली नाही. सीआरपीने दिवस कमी झाले नाहीत. म्हणजे फायदा खरा आहे, पण साधारण एका दिवसाचा आहे. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, दुसरा मोठा अभ्यास आला. रक्तात जंतू सापडलेल्या ३,६०८ रुग्णांपैकी निम्म्यांना ७ दिवस आणि निम्म्यांना १४ दिवस औषध दिले. नव्वद दिवसांनंतर मृत्यूंचे प्रमाण ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के होते आणि १४ दिवसांच्या गटात १६.१ टक्के. म्हणजे कमी दिवसांनी काही बिघडले नाही. त्यात कोणतेही प्रोकॅल्सिटोनिन मोजलेले नव्हते.

दोन्ही एकत्र वाचले की माझे मत असे होते, की ही महागडी चाचणी पुष्कळदा डॉक्टरला नवी माहिती देत नाही, औषध थांबवण्याचे धैर्य देते. जे डॉक्टर आधीच न्यूमोनियाला पाच दिवस आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाला सात दिवस पुरेसे मानतात, त्यांच्या रुग्णाला तिच्याने फारसा फरक पडत नाही. जिथे 'असू द्या आणखी आठवडाभर' अशी रीत आहे तिथे तिच्यामुळे दिवस वाचतात. माझ्यापुरता नियम सांगतो. रुग्ण साधा असेल आणि ठरावीक दिवसांत सुधारला असेल तर मी प्रोकॅल्सिटोनिन मागवत नाही. रुग्ण गंभीर असेल, आजार गुंतागुंतीचा असेल आणि थांबावे की चालू ठेवावे याबद्दल खरोखर मन द्विधा असेल तर मागवतो, आणि मागवायचेच तर पहिल्या दिवशीचेही हवे. शिखर माहीत नसेल तर ८० टक्क्यांचा हिशोब कशाचा करायचा? सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत द्यावेत. एक माजलगावला, दुसरा बीडला असे केले तर यंत्रे आणि पद्धती वेगळ्या निघतात आणि खरी घसरण कोणती ते कळत नाही.

आकडा कुठे फसवतो तेही पाहू. जास्त असूनही जीवाणू नसतात, असे पुष्कळदा घडते. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, गंभीर अपघात यांनंतरचे पहिले एक-दोन दिवस आकडा चढतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे उष्माघाताचे रुग्ण येतात, त्यांच्यातही तो चढलेला सापडतो. मलेरियात चढतो, आणि मलेरियाला अँटिबायोटिक नव्हे, मलेरियाचेच औषध लागते. जुनाट मूत्रपिंडविकारात तो कायम थोडा वर राहतो. करोनाच्या साथीत अनेक रुग्णांत आजार तीव्र झाला तसे प्रोकॅल्सिटोनिन वाढत गेले, पण दाखल होताना जीवाणूंचा जोडसंसर्ग असणारे रुग्ण थोडेच होते. तरी महागडी अँटिबायोटिक्स सरसकट दिली गेली. त्याच काळात काही रुग्णांना टोसिलिझुमॅब नावाचे इंजेक्शन दिले जाई. ते सीआरपी तयार होण्याचा संदेशच अडवते, त्यामुळे आकडा खाली आला म्हणून रुग्ण बरा असे समजायचे नसते.

याच्या उलट बाजू जास्त धोक्याची आहे. आकडा कमी असतो आणि आजार मोठा असतो. बंदिस्त गळू, हाडातला संसर्ग, हृदयाच्या झडपेवर बसलेले जंतू, यांत आकडा फारसा चढत नाही, किंवा लवकर उतरतो आणि उपचार मात्र आठवडेच्या आठवडे लागतात. तिथे ८० टक्क्यांचा नियम लावणे चूक. आणि आमच्या भागातला सगळ्यात नेहमीचा सापळा म्हणजे क्षयरोग. तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन, आणि प्रोकॅल्सिटोनिन ०.१. कागदावर 'जीवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता कमी' असे छापून येते. क्षयाचा जंतूही जीवाणूच आहे, पण तो सावकाश वाढणारा, गुपचूप राहणारा. तो गुऱ्हाळे पेटवत नाही. अशा रुग्णाचे प्रोकॅल्सिटोनिन कशाला, थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा. 'रिपोर्ट चांगला आलाय म्हणं, मग जाऊ का कामाला?' असे विचारणारा तरुण उरलेल्या टोळीला तो आजार देऊन येतो.

सगळ्यात कोवळे वय म्हणजे नवजात बाळाचे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निरोगी बाळातही प्रोकॅल्सिटोनिन आपोआप चढते आणि उतरते. ज्या वयात जंतुसंसर्गाने सर्वात झटपट जीव जातो, त्याच वयात ही चाचणी सगळ्यात जास्त गोंधळ घालते. तासांनुसार वेगळे तक्ते वापरल्याशिवाय तिचा अर्थच लागत नाही. याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातच एक वेगळे उत्तर सापडले होते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना बाळ पाहायला शिकवले. बाळाचे रडणे मंद झाले का, ते ओढून दूध पिईनासे झाले का, अंग गार पडले किंवा तापले का, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला का, छाती आत ओढली जाते का. अशा ठरवलेल्या खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की जंतुसंसर्ग समजायचा आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल द्यायचे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे काम छापून आले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. रक्ताचा एक थेंबही न तपासता. अर्थात त्यात काही निरोगी बाळांनाही अँटिबायोटिक मिळाले असणार. दोन-तीन किलोच्या जिवाच्या बाबतीत तो सौदा मला योग्य वाटतो.

मोठ्या माणसाच्या सर्दी-खोकल्यात मात्र तोच सौदा वाईट आहे. तिथे नको तेव्हा दिलेले अँटिबायोटिक हाच मुख्य दोष. व्हिएतनामच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे दोन हजार रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोट टोचून जागच्या जागी सीआरपी तपासला आणि तो कमी असलेल्यांना अँटिबायोटिक शक्यतो न देण्याचा सल्ला दिला. अँटिबायोटिक घेणाऱ्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ६४ वर आले. प्रोकॅल्सिटोनिनपेक्षा हा स्वस्त, साधा भाऊ तेलगावसारख्या ठिकाणी जास्त कामाचा आहे, असे मला वाटते. इथून प्रोकॅल्सिटोनिनचा नमुना गाडीने पाठवायचा आणि कागद दुसऱ्या दिवशी यायचा. तोवर तापाने फणफणलेल्या माणसाबद्दलचा निर्णय घेऊन झालेला असतो.

एक प्रश्न हमखास येतो. 'कोर्स पूर्ण करा' असे तुम्हीच सांगत होतात, आता लवकर थांबवा म्हणता, हे कसे? क्षयाच्या बाबतीत तो उपदेश अक्षरश: खरा आहे आणि राहील. तिथे महिन्यांचा हिशोब आहे, एक गोळीही चुकवायची नाही. न्यूमोनिया किंवा मूत्रपिंडाच्या संसर्गात 'पूर्ण' म्हणजे किती, याचेच उत्तर बदलत आले आहे. पूर्वी १४ दिवस म्हणत, आता ५ किंवा ७ पुरतात. दिवस किती ते तुमच्या डॉक्टरने ठरवायचे आणि तेवढे तुम्ही घ्यायचे. ताप उतरला म्हणून दुसऱ्या दिवशी गोळ्या फडताळात टाकणे, आणि उरलेल्या त्याच गोळ्या पुढच्या तापाला शेजाऱ्याला देणे, ही दोन्ही कामे या लेखाच्या आधाराने कुणी करू नयेत.

त्या बाईचा खडा महिन्याभराने दुर्बिणीतून काढला आणि नळीही काढली. ही नळी वेळेवर काढावी लागते. ती आत विसरली तर तिच्यावरच खडे जमतात आणि पुन्हा तोच संसर्ग होतो, म्हणून नळी बसवल्याची तारीख मी तिच्या कागदावर लाल शाईने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवली होती. तिच्या नवऱ्याने तोच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर सांभाळला आणि ठरलेल्या दिवशी तिला घेऊन आला.